चार पायांवरचे सहा टन

बारडोलीपासून जवळच बाबेन गावी सहकारी साखर कारखाना आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला की नंदुरबार-धुळ्याकडून कोयता घेऊन आलेली माणसं आसपासच्या शिवारात ऊस तोडू लागतात. तोडलेला ऊस कारखान्यात येऊन तीन रुळांच्या गिरणीतून पिळून निघतो. गिरणीच्या वरच्या रुळावर तेलाच्या दाबाने जो भार दिलेला असतो, तो मोठ्या गिरणीत शेकडो टनांचा असतो. हा आकडा ऐकणाऱ्याला पहिल्यांदा हेच वाटतं की एवढा भार सोसायला खालची जमीन केवढी भक्कम लागत असेल! प्रत्यक्षात त्या शेकडो टनांपैकी एक किलोही जमिनीवर जात नाही. वरचा रूळ खालच्या दोन रुळांना दाबतो आणि तेवढ्याच जोराने खालचे रूळ त्याला वर ढकलतात. ही ओढाताण दोन्ही बाजूंच्या पोलादी चौकटी, म्हणजे हेडस्टॉक, आणि त्यांचे जाड बोल्ट आपसात झेलतात. पायाकडे येतं ते फक्त गिरणीचं स्वतःचं वजन आणि ती फिरवताना बसणारा पीळ.

यंत्र आणि जमीन यांच्या नात्यातला हा पहिला धडा आहे, आणि छोट्या कारखान्यांमध्ये नेमका तोच चुकतो. शंभर टनी पॉवर प्रेस विकत घेणारा माणूस पुष्कळदा शंभर टन पेलणारी जमीन शोधत फिरतो, किंवा त्याच्या उलट, ‘जुन्या शेडमध्ये पन्नास टनी प्रेस चालत होता, मग हाही चालेल’ असं म्हणून मोकळा होतो. प्रेसच्या नावातले शंभर टन हा घाव आणि बिछाना यांच्यामधला जोर असतो. तो यंत्राच्या सांगाड्यातच सुरू होतो आणि सांगाड्यातच संपतो. जमिनीला माहीत असतं ते यंत्राचं वजन, ते किती पायांवर आणि किती क्षेत्रफळावर टेकलं आहे, आणि चालताना ते किती हादरतं, एवढंच.

प्रस्तुत प्रस्तावना या विषयाच्या एकाच तुकड्यापुरती आहे: स्थिर उभ्या यंत्राचं वजन बेस प्लेटमधून फरशीत आणि फरशीतून मातीत कसं उतरतं. हादऱ्यांचं गणित वेगळं आहे. त्यासाठी आयएस २९७४ या भारतीय मानकाचे स्वतंत्र भाग आहेत, आणि फोर्जिंग हॅमर किंवा मोठा कॉम्प्रेसर बसवणाऱ्याला त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. पण बारडोली, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यातल्या शेडमध्ये जी यंत्रं येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत वजनाचा साधा हिशोबही कुणी मांडत नाही. म्हणून सुरुवात तिथून.

दाब म्हणजे वजन भागिले टेकलेलं क्षेत्रफळ, हे शाळेत प्रत्येकजण शिकतो. पावसाळ्यात काळ्या रानातून जाताना चिखलावर फळी टाकणारा शेतकरी हेच सूत्र पायाखाली वापरत असतो. अडचण सूत्रात नाही. ‘टेकलेलं क्षेत्रफळ’ म्हणजे नक्की कोणतं, हा खरा प्रश्न आहे. यंत्राच्या बाबतीत असं क्षेत्रफळ एक नसून अनेक असतात आणि प्रत्येक थराला त्याचं त्याचं वेगळं क्षेत्रफळ विचारावं लागतं.

एक उदाहरण धरून पुढे जाता येईल. प्रेसचं वजन सहा टन. त्याला चार पाय, प्रत्येकाखाली २०० बाय २०० मिलिमीटरची बेस प्लेट. वजन चारही पायांवर सारखं वाटलं जातं असं तूर्त मानलं, तर एका पायावर दीड टन, म्हणजे १,५०० किलो. प्लेटचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर. दाब निघतो ३.७५ किलो दर चौरस सेंटिमीटर. आता फरशीचं काँक्रीट एम-२० प्रतीचं असेल, तर त्याच्या घनाची ताकद साधारण २०० किलो दर चौरस सेंटिमीटर असते. सुरक्षिततेसाठी त्यातला चौथा हिस्साच वापरायचा ठरवला, तरी ५० हाती राहतात. पावणेचार कुठे आणि पन्नास कुठे! काँक्रीट चिरडण्याची भीती इथे जवळपास नाहीच. कारखान्यातले जाणकार ‘आमची फरशी दणकट आहे’ असं म्हणतात, तेव्हा ते याच थरापुरतं बोलत असतात, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर असतं.

पण काँक्रीट हवेत तरंगत नाही. त्याच्या खाली माती आहे, आणि बारडोली तालुक्यात ती माती बहुतेक ठिकाणी काळी आहे. तिची भार पेलण्याची शक्ती काँक्रीटशी तुलनाच होणार नाही इतकी कमी असते. नेमका आकडा माती तपासूनच ठरतो. उदाहरणापुरता तो कोरड्या दिवसांत चौरस मीटरला १० टन आणि पावसात भिजल्यावर त्याच्या निम्मा धरला आहे. हे दहा टन चौरस सेंटिमीटरच्या भाषेत सांगायचे तर फक्त एक किलो. प्लेटखालचा दाब पावणेचार किलो. म्हणजे प्लेट थेट मातीवर ठेवली, तर ती रुतणारच.

मधल्या थरांचं काम इथे कळतं. काँक्रीटच्या फरशीत भार उतरत जाताना बाजूंना पसरतो. साध्या हिशोबासाठी तो ४५ अंशांत पसरतो असं धरतात. फरशी १५० मिलिमीटर जाड असेल, तर प्लेटच्या चारही बाजूंना १५०-१५० मिलिमीटर वाढून खाली ५०० बाय ५०० मिलिमीटरचा चौकोन मिळतो, म्हणजे पाव चौरस मीटर. दीड टन भागिले पाव चौरस मीटर म्हणजे सहा टन दर चौरस मीटर. कोरड्या मातीला हे चालेल, भिजलेल्या मातीला नाही. आता फरशीखाली २०० मिलिमीटरचं दगडी सोलिंग नीट ठोकून केलेलं असेल, तर त्यात भार आणखी थोडा पसरतो. काँक्रीटपेक्षा कमी, दोन खाली तर एक बाजूला, या बेताने. चौकोन ७०० मिलिमीटरचा होतो आणि मातीवरचा दाब तीन टनांवर येतो. तीन टन भिजलेली काळी मातीही सोसेल. सोलिंग हा ठेकेदाराने सर्वांत आधी वाचवायचा खर्च मानला जातो. त्या सोलिंगने दाब निम्मा केला, हे या आकड्यांत स्पष्ट दिसतं. शेड बांधून झाल्यावर ते कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही, हीच त्याची अडचण आहे.

इथवरचं गणित एका गृहीतावर उभं आहे: चारही पाय सारखे टेकले आहेत. ते गृहीत बहुतेक वेळा खोटं असतं.

कडक सांगाड्याचं चार पायांचं यंत्र जराशा असमान फरशीवर ठेवलं, तर ते समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पायांवर उभं राहतं. उरलेले दोन पाय टेकल्यासारखे दिसतात, पण भार घेत नाहीत. फट अर्ध्या मिलिमीटरची असली तरी पुरते, कारण ओतीव लोखंडाचा सांगाडा तेवढाही वाकायला तयार नसतो. मग एका पायावर दीडऐवजी तीन टन येतात. प्लेटखाली साडेसात किलो, नुसत्या फरशीखाली १२ टन, सोलिंग असेल तर सहा टन. सोलिंग नसलेली फरशी कोरड्या मातीवरही हरते. सोलिंग असलेली फरशी पावसाळ्यात हरते. वजन वाढलेलं नाही, प्लेट लहान झालेली नाही. केवळ दोन पायांनी काम सोडलं आणि सगळा हिशोब दुप्पट झाला. त्यात प्रेससारख्या यंत्राचं वजन मुळातच एका बाजूला, फ्लायव्हील आणि मोटरकडे, झुकलेलं असतं. तेव्हा एका पायावरचा वाटा याहूनही जास्त निघू शकतो.

हे ओळखायला महागडी साधनं लागत नाहीत. फाउंडेशन बोल्टचे नट सैल करून प्रत्येक पायाखाली फिलर गेजची पातळ पट्टी सरकवून पाहावी. जी प्लेट पट्टी आत घेते, ती भार घेत नाही. दुसरी खूण नट आवळताना मिळते. एका कोपऱ्यातला नट घट्ट करताच स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा हलला, तर यंत्र तिथे टेकलेलं नव्हतं आणि बोल्टने त्याला ओढून खाली आणलं. असं ओढून बसवलेलं यंत्र पिळात राहतं. प्रेसच्या घावाची रेघ त्यामुळे तिरकी होते आणि डायची एकच कड झिजू लागते. त्याचा दोष पुष्कळदा डाय बनवणाऱ्याच्या माथी मारला जातो.

फट भरण्यासाठी फिटर प्लेटखाली लोखंडी पट्ट्या घालतो. कारखान्यात त्यांना पॅकिंग म्हणतात. पॅकिंगवर यंत्र लेव्हलमध्ये आलं की काम झालं असं समजून ते तसंच सोडलं जातं. पण आता टेकलेलं क्षेत्रफळ प्लेटचं राहिलेलं नसतं, पॅकिंगचं झालेलं असतं. ५० बाय ७५ मिलिमीटरची एक पट्टी घातली, तर ४०० चौरस सेंटिमीटरच्या जागी ३७.५ चौरस सेंटिमीटर उरतात आणि दाब पावणेचारवरून थेट ४० किलोवर जातो. हा आकडा आधी काढलेल्या पन्नासाच्या मर्यादेला टेकायला आला. पट्टी अर्धीच टेकली किंवा फरशीच्या कडेजवळ आली, की तिथलं काँक्रीट कपचीसारखं सुटतं. म्हणून पॅकिंग फक्त लेव्हल मिळवण्यापुरतं वापरायचं असतं. नंतर प्लेट आणि फरशी यांच्यामधली पूर्ण जागा न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची असते. ग्राउट एका बाजूने ओततात, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. दोन्हीकडून ओतलं की मधे हवेचा कप्पा अडकतो. ग्राउट सुकल्यावर प्लेटवर हातोडीने हलके ठोके मारत जावं. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी बोदा. साधं सिमेंट-वाळूचं मिश्रण भरलं तर ते सुकताना आकसतं, प्लेटपासून केसभर सुटतं आणि सगळा भार पुन्हा त्या पट्ट्यांवर जातो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र प्लेटखाली छान भरलेली कड दिसत असते.

यंत्र जागेवर बसण्याआधीचा एक दिवस या सगळ्यापेक्षा वाईट असतो. हायड्रा क्रेन शेडच्या दारापर्यंतच येते. आतला प्रवास जॅक, पहार आणि पाइपांवरून होतो. जॅकच्या बुडाचा व्यास १०० मिलिमीटर असला तर क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. यंत्राची एक बाजू उचलताना त्यावर तीन टन आले, तर दाब ३८ किलो. लोखंडी चाकांच्या ट्रॉलीखाली तो याच्या कित्येक पट असतो, कारण चाक फरशीला एका बारीक रेघेतच स्पर्श करतं. भरीव काँक्रीट एखादा ओरखडा घेऊन हे निभावून नेतं. पण वाटेत केबलच्या चरावरचं झाकण, पाण्याच्या टाकीचा पातळ स्लॅब किंवा भुसभुशीत भरावावर बसवलेली कोटा फरशी आली, की तिथे यंत्र कलंडतं. सहा टनांचं कलंडणारं यंत्र हातांनी सावरता येत नाही. जबाबदार शिफ्टिंगवाले म्हणूनच आधी रिकाम्या हाताने पूर्ण वाट चालून पाहतात, फरशी ठोकून ऐकतात, चरावर जाड पोलादी प्लेटा टाकतात आणि जॅकखाली लाकडी स्लीपर ठेवतात. ३०० मिलिमीटर चौरसाची जाड प्लेट जॅकखाली आली, की ३८ किलोचा दाब तीन-साडेतीनवर उतरतो.

वरच्या मजल्यावर यंत्र न्यायचं ठरलं, तर आतापर्यंतचं बरंचसं शहाणपण कमी पडतं. सुरतेच्या औद्योगिक पट्ट्यात जमीन महाग झाली तशी यंत्रं वर चढली. भिवंडीनेही हेच पाहिलं आहे. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात कारखान्यांच्या मजल्यांसाठी भार दिले आहेत: हलक्या यंत्रांच्या जागेला चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, मध्यमला ७, जडला १०. ढोबळपणे सांगायचं तर पाचशे, सातशे आणि हजार किलो. त्याशिवाय एकाच जागी टेकणारा साडेचार किलोन्यूटनचा, म्हणजे जवळपास साडेचारशे किलोचा भारही तपासायचा असतो. आपल्या प्रेसचा एकेक पाय दीड टनाचा आहे. दीड बाय दोन मीटरच्या त्याच्या पायठशाखाली चौरस मीटरला दोन टन येतात. म्हणजे जड वर्गातल्या मजल्याच्याही दुप्पट.

इथे कारखानदार हमखास एक उपाय सुचवतो: पायाखाली मोठी प्लेट टाकू. हा उपाय तळमजल्यावर कामाचा, वर मात्र फसवा. मोठ्या प्लेटने स्थानिक दाब उतरतो, पण चांगल्या स्थितीतल्या स्लॅबला त्या दाबाने भोक पडणार नव्हतंच. खाली माती नसल्याने भार कुठेही मुरत नाही. तो पूर्णच्या पूर्ण स्लॅबमधून बीमकडे, बीममधून खांबाकडे जातो, आणि प्लेट कितीही मोठी असली तरी सहा टनांचे सहाच टन राहतात. तिथे विचारायचा प्रश्न दाबाचा नसून जागेचा असतो. तेच यंत्र स्लॅबच्या मधोमध ठेवलं तर स्लॅब सर्वांत जास्त वाकतो. पाय बीमच्या रेषेवर, खांबाजवळ आणले तर वाकणं पुष्कळ घटतं. पाय आणि बीम यांची जुळणी होत नसेल, तर खाली पोलादी चॅनेलची चौकट करून भार बीमवर नेता येतो. पण हे ठरवायला इमारतीचा आराखडा आणि तो वाचणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. मजल्याची जाडी नुसती पाहून ते सांगता येत नाही.

सोलमधील साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअरची कथा या मुद्द्यासाठी वाचावी अशी आहे. छतावर वातानुकूलनाची तीन जड युनिट्स होती. आवाजाबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावर १९९३ मध्ये ती दुसऱ्या बाजूला हलवायचं ठरलं. क्रेनने उचलण्याऐवजी ती रोलरवरून छतभर ओढत नेली गेली. त्या वाटेवर स्लॅबला तडे गेले, आणि युनिट्सची नवी जागा अशा खांबाच्या आसपास आली, जिथला स्लॅब आधीच कमकुवत होता. त्या इमारतीत बीम नव्हते. स्लॅब थेट खांबांवर टेकलेला होता आणि खांब मूळ आराखड्यापेक्षा बारीक केलेले होते. यंत्रं चालू-बंद होताना बसणाऱ्या हादऱ्यांनी तडे रुंदावत गेले. २९ जून १९९५ रोजी स्लॅब खांबावरून सुटून खाली आला आणि इमारत कोसळली. ५०२ माणसं गेली. दोष अनेक होते, केवळ युनिट्सचा नव्हता. पण सरकवताना पडलेल्या तड्यांनी दोन वर्षं आधीच जागा दाखवून दिली होती. खांबाभोवती छतावर उमटलेला वर्तुळाकार तडा कारखान्यातही तितक्याच गंभीरपणे घ्यायचा असतो. तसा तडा दिसल्यावर यंत्र बंद करून खालचा मजला रिकामा करणं, एवढंच त्या क्षणी योग्य असतं.

बारडोलीकडे परत यायचं, तर तळमजल्यावरच्या काळ्या मातीचं एक वागणं अजून सांगायचं राहिलं. ही माती उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात पाणी पिऊन फुगते. फुगताना ती वर ढकलते. १५० मिलिमीटर फरशीचं स्वतःचं वजन चौरस मीटरला जेमतेम साडेतीनशे-चारशे किलो भरतं. फुगणाऱ्या मातीचा जोर त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. म्हणून रिकामी फरशी वर उचलली जाते, आणि यंत्राच्या पायांखाली मात्र तीन-चार टनांचा दाब असल्याने माती तितकी फुगत नाही. पावसाळ्यानंतर यंत्राभोवती फरशीला तडा दिसला की ‘मशीन खचलं’ असा निष्कर्ष निघतो. पुष्कळदा मशीन होतं तिथेच असतं, सभोवतालची फरशी वर आलेली असते. फरक कळायला सोपी युक्ती आहे. बांधकामाच्या खांबावर एक पक्की खूण करून ठेवायची आणि पारदर्शक नळीतल्या पाण्याच्या पातळीने यंत्राच्या बेडची आणि मोकळ्या फरशीची उंची तिच्याशी पावसाआधी आणि पावसानंतर ताडून पाहायची. जे हललं ते त्यातून कळतं. अर्थात तो खांब स्वतः खोल पायावर उभा असायला हवा.

या फुगण्यावरचा उपाय मुंबईतल्या आयआयटीत शोधला गेला. प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ काळ काम करून दाखवलं, की तिच्यावर वाळूचा थर देऊन फुगवटा थांबत नाही. त्याऐवजी चिकटपणा असलेली पण न फुगणारी माती, जाड थरात, नीट दाबून भरली तर तो आटोक्यात येतो. चांगल्या प्रतीचा, थोडी चिकणमाती असलेला मुरूम त्यासाठी चालू शकतो, मात्र त्याची चाचणी करून घ्यावी लागते. दुसरी वाट रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुजवलेल्या अंडर-रीम्ड पाइल्सची. या पाइल्सना तळाशी फुगीर कंद असतो आणि तो मातीच्या फुगण्या-आकसण्याच्या थराखाली रोवला जातो. एका सहा टनी प्रेससाठी पाइल्स बहुधा जास्तच होतात. मुरमाचा थर, सोलिंग, दीडशे मिलिमीटर फरशी आणि शेडच्या छपराचं पाणी भिंतीपासून दूर नेणारं गटार, एवढ्यात काम भागतं. त्यातही गटार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. यंत्र भिंतीलगत असेल आणि छपराचं पाणी तिथेच मुरत असेल, तर त्याचे दोन पाय ओल्या मातीवर आणि दोन कोरड्या मातीवर येतात. चार पायांच्या हिशोबातला तिढा मग दर वर्षी नव्याने उगवतो.

यंत्र घेताना पुरवठादाराकडून फाउंडेशन ड्रॉइंग मागून घ्यावं. त्यात नुसतं एकूण वजन पुरेसं नाही. प्रत्येक पायावरचा स्थिर भार, चालतानाचा वाढीव भार, बोल्टची जागा आणि गुरुत्वमध्याची जागा हवी. जुनं यंत्र घेतलं आणि ड्रॉइंग मिळालं नाही, तर हायड्राने उचलताना लोड सेल लावून वजन मोजता येतं आणि कोणती बाजू आधी झुकते त्यावरून जड पाय ओळखता येतो. पुढच्या प्रकरणांतले सगळे तक्ते त्या चार आकड्यांपासून सुरू होतात. बसवल्यानंतर लेव्हलची पहिली नोंद ग्राउट सुकल्यावर, दुसरी महिनाभर यंत्र चालवल्यावर आणि तिसरी पहिला पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत घ्यावी. तिन्ही नोंदी एकाच वहीत, एकाच मापाने, प्रत्येक पायासमोर लिहिलेल्या असाव्यात.